मोबाइलवर आलेल्या ड्रॉइंगचा कोपरा कसा वाचायचा

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतलं लहान जॉबशॉप घ्या. तिथे हल्ली चौकशी येते ती बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर. टेबलावर पसरलेल्या ड्रॉइंगचा फोटो आणि खाली एक ओळ, "रेट आणि डिलिव्हरी कळवा." कोटेशन, प्लॅनिंग किंवा क्वालिटीत नव्याने लागलेल्या माणसाकडे पहिलं काम येतं ते हे की फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमधून ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, स्केल आणि टायटल वाचायचं आणि रजिस्टरमध्ये चढवायचं. पुढचं कोटेशन, प्रोग्रॅम, इन्स्पेक्शन रिपोर्ट, बिल सगळं याच नोंदीवर चालतं.

हा लेख त्या कामापुरता आहे. त्यात मला एकच गोष्ट पटवायची आहे. या चारही गोष्टी चौकटीत एकदा लिहिलेल्या असल्या तरी त्यांची खात्री करून देणारा दुसरा पुरावा त्याच शीटवर कुठेतरी असतो. आधी चौकट वाचायची आणि मग तो दुसरा पुरावा शोधायचा.

आधी फोटो वाचण्यालायक आहे का ते बघा

अंधुक फोटोवर डोळे ताणत बसण्यापूर्वी एक छोटा हिशोब करा. ड्रॉइंगवरची लहान अक्षरं साधारण 2.5 मिमी उंचीची असतात. ए-1 शीट 841 मिमी रुंद असते. समजा तिचा पूर्ण फोटो तुमच्याकडे 1600 पिक्सेल रुंदीचा होऊन आला. म्हणजे कागदावरच्या एका मिलिमीटरला दोन पिक्सेलसुद्धा मिळाले नाहीत, आणि 2.5 मिमीचं अक्षर जेमतेम पाच पिक्सेलांत बसलं. एवढ्यात `8` आणि `B` यांतला फरक उरतच नाही. झूम केल्याने तो परत येत नाही, ठिपके मोठे होतात एवढंच.

आता त्याच मोबाइलने फक्त टायटल ब्लॉकचा जवळून फोटो काढला तर? ब्लॉक साधारण 180 मिमी रुंद असतो. तेच 1600 पिक्सेल 180 मिमीवर पसरले की एका मिलिमीटरला जवळजवळ नऊ पिक्सेल मिळतात आणि अक्षर बावीसेक पिक्सेल उंच होतं. हे निर्धास्त वाचता येतं. म्हणून मोठ्या शीटचा एकच फोटो आला असेल तर तो वाचण्याचा अट्टहास करू नका, तीन फोटो मागा. एक पूर्ण शीटचा, एक टायटल ब्लॉकचा आणि एक रिव्हिजन टेबलाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही.

फोटो तुम्हीच काढणार असाल तर मोबाइल कागदाला समांतर धरा, फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड बाजूने येऊ द्या. लॅमिनेट केलेल्या शॉप कॉपीवर ट्यूबलाइटचा पट्टा नेमका कोपऱ्यावर उमटतो. अशा वेळी मोबाइल न हलवता कागदच थोडा फिरवला की पट्टा सरकतो.

आणखी एक सावधगिरी. स्कॅनिंग अ‍ॅपमधला काळा-पांढरा मोड वाचनासाठी वापरू नका. तो फिकट रेषा पांढऱ्या करून टाकतो. मग `8` चा `3` होतो, `6` चा `5` होतो आणि दशांशचिन्ह उडून जातं. फोटो रंगीतच ठेवा आणि हवं तर कॉन्ट्रास्ट वाढवा. जुन्या अमोनिया प्रिंटला तर एवढाच उपाय चालतो.

चौकटीतले रकाने ओळखा

पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयला शिकलेल्यांना 185 × 65 मिमीचा टायटल ब्लॉक आठवत असेल. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी 46 या पुस्तिकेतलं ते माप आहे. आयएसओ 7200 मध्ये रुंदी 180 मिमी दिली आहे. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीचा ब्लॉक थोडा वेगळाच असतो आणि रकान्यांची जागाही बदलते. त्यामुळे जागेवर विसंबू नका, रकान्याच्या डोक्यावरचं बारीक लेबल वाचा. नंबरासाठी `DRG NO`, `DWG NO`, `DRAWING NO` यांपैकी काहीही असू शकतं. रिव्हिजनसाठी `REV`, `ISSUE`, `ALT`, तर जुन्या ब्रिटिश वळणाच्या ड्रॉइंगवर `MOD` सुद्धा दिसतं.

याच चौकटीत नंबरासारखे दिसणारे इतर नंबरही दाटीवाटीने बसलेले असतात. `PART NO`, `PROJECT NO`, `PATTERN NO`, `REF DRG`, `SUPERSEDES`. नवा माणूस घसरतो तो इथेच, कारण सगळ्यांत ठळक अक्षरांत छापलेला नंबर ड्रॉइंगचाच असेल असं तो धरून चालतो. `SUPERSEDES` समोरचा नंबर तर रद्द झालेल्या जुन्या ड्रॉइंगचा असतो. तो रजिस्टरमध्ये गेला तर पुढे गोंधळ ठरलेलाच. लेबलच दिसत नसेल तर नंबर उतरवू नका, लेबलासकट फोटो मागा.

नंबर

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. बेअरिंग हाउसिंगची ए-3 शीट आहे, पूर्ण शीटचा फोटो डॉक्युमेंट म्हणून आला आहे. नंबराच्या रकान्यावर थोडी चमक आहे आणि पहिली दोन अक्षरं `48` आहेत की `4B` हे ठरत नाही. पुढचं `-1182-06` स्वच्छ दिसतं.

अशा वेळी एकाच अक्षराकडे टक लावून काही होत नाही. त्याच शीटवर, त्याच फॉन्टमध्ये, नक्की `8` असलेलं अक्षर शोधा. इथे ते त्याच नंबरात आहे, `1182` मधलं. नक्की `B` असलेलं अक्षरही शोधा, ते रिव्हिजन टेबलात किंवा टायटलमधल्या `BEARING` मध्ये मिळेल. `B` ची डावी कड उभी आणि सपाट असते, `8` ची कमरेत आत जाते. तीन अक्षरं शेजारी ठेवून पाहिली की बहुधा उत्तर मिळतं. `0` आणि `O`, `5` आणि `S`, `2` आणि `Z`, `1` आणि `7` या जोड्यांनाही हीच पद्धत लागू पडते.

मग दुसरा पुरावा. बऱ्याच कंपन्यांच्या शीटवर हाच नंबर डाव्या वरच्या कोपऱ्यात उलटा छापलेला असतो. फोटो 180 अंशांत फिरवला की तो सरळ वाचता येतो. फ्रेमच्या कडेला बारीक अक्षरांत फाइलचं नाव असू शकतं. `REF DRG` मध्ये असेंब्लीचा नंबर असतो. आपल्या उदाहरणात तिथे `48-1180-00` असं स्वच्छ दिसतं, म्हणजे मालिका 48 चीच आहे. फाइलचं नाव `48-1182-06_C.dwg` असं आहे. दोन जागांहून एकच उत्तर आलं, नंबर पक्का झाला.

फाइलच्या नावाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. ड्रॉइंगवर `48/1182/06` असेल तर फाइल करणारा तिच्या जागी आडवी रेघ किंवा अंडरस्कोर टाकतो. अंक पडताळायला फाइलचं नाव चांगलं, पण चिन्हं चौकटीतलीच घ्यायची. सुरुवातीची शून्यंही जशीच्या तशी ठेवा. एक्सेलमध्ये तो रकाना आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर `00482` चं `482` होतं आणि `06-11` ची चक्क तारीख होते.

रिव्हिजन

चौघांत सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नंबर चुकला तर कोणीतरी लगेच ओरडतं, कारण तसं ड्रॉइंगच सापडत नाही. रिव्हिजन चुकली तर सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं आणि जॉब कापून झाल्यावर बोअरचं टॉलरन्स बदललेलं होतं हे कळतं.

टायटल ब्लॉकमधला `REV` चा रकाना एका अक्षराचा असतो. एकटं अक्षर असल्याने शेजारच्या अक्षरांचा आधार नसतो. `C`, `G`, `O`, `D`, `0` हे सगळे धूसर फोटोत सारखेच गोल दिसतात. थोडी मदत पद्धतीतून मिळते. अमेरिकन पद्धतीच्या म्हणजे एएसएमई मानकाच्या ड्रॉइंगवर रिव्हिजनसाठी `I`, `O`, `Q`, `S`, `X`, `Z` ही अक्षरं वापरत नाहीत, ती अंकांसारखी किंवा एकमेकांसारखी दिसतात म्हणूनच. तिथे `O` दिसलं तर ते दुसरं काहीतरी आहे. रकान्यात नुसती आडवी रेघ असेल तर तो रिकामा समजू नका. त्या पद्धतीत पहिल्या इश्यूला रेघच असते आणि नोंदीतही रेघच लिहायची.

मग रिव्हिजन टेबल बघा. आयएसओ वळणाच्या शीटवर ते बहुधा टायटल ब्लॉकच्या डोक्यावर किंवा शेजारी असतं आणि खालून वर वाढत जातं, म्हणजे नवी नोंद सगळ्यात वर. एएसएमई पद्धतीत ते उजव्या वरच्या कोपऱ्यात असतं आणि वरून खाली वाढतं, म्हणजे नवी नोंद सगळ्यात खाली. त्यामुळे "वरची ओळ म्हणजे ताजी" असा नियम करू नका. तारखा बघा, तारीख ज्या दिशेने पुढे सरकते ती वाढीची दिशा.

आपल्या बेअरिंग हाउसिंगच्या फोटोत `REV` रकान्यातलं अक्षर `C` किंवा `G` आहे. टेबल ब्लॉकच्या वर आहे आणि खालून तीन ओळी दिसतात:

```
C   62 H7 WAS 62 H8
B   FG 260 WAS FG 200
A   ISSUED FOR PRODUCTION
```

त्यांच्या वर काय आहे ते दिसत नाही, कारण कागद उडू नये म्हणून कोणीतरी व्हर्नियर ठेवलं आहे आणि ते नेमकं टेबलाच्या वरच्या भागावर आलं आहे. झाकलेल्या जागेत `D` ते `G` असू शकतात. म्हणून `C` ओळ दिसली एवढ्यावर `C` लिहायचं नाही.

आता दुसरा पुरावा शोधू. बदल जिथे झाला तिथे ड्रॉइंगमध्ये लहान त्रिकोण किंवा वर्तुळ काढून त्यात रिव्हिजनचं अक्षर घालतात. या फोटोत बोअरच्या मापाशेजारी `C` चा त्रिकोण आहे, मटेरियलच्या रकान्यात `B` चा आहे. पूर्ण शीटवर `D` किंवा त्यापुढचा त्रिकोण नाही. शिवाय टेबलात लिहिलेला बदल प्रत्यक्ष चित्रात उतरला आहे का तेही पाहा. बोअर `62 H7` आहे आणि मटेरियल `FG 260` आहे, म्हणजे `B` आणि `C` दोन्ही लागू झालेले आहेत. फाइलच्या नावातही `_C` होतं. सगळ्या खुणा `C` कडे बोट दाखवतात.

पण हा अजून अंदाजच आहे. काही ड्रॉइंग ऑफिसं नवी रिव्हिजन टाकताना जुने त्रिकोण पुसतात, तर काही नवे काढतच नाहीत. व्हर्नियर बाजूला करून पुन्हा फोटो काढायला अर्धा मिनिट लागतो. तो मागायचाच. समजा तो आला, वरच्या ओळी कोऱ्या निघाल्या आणि `C` पक्कं झालं.

रकाना आणि टेबल यांत मेळ नसेल, म्हणजे रकान्यात `B` आणि टेबलात `C`, तर कोणतंही एक निवडण्याचा अधिकार आपल्याला नाही. ड्रॉइंगवाला कुठेतरी अक्षर बदलायला विसरला आहे आणि कुठे ते त्यालाच माहीत. लाल पेनने हाताने केलेल्या दुरुस्त्यांचंही तसंच. सही आणि तारीख नसलेली लाल दुरुस्ती नोंदीत "हाताने बदल आहे" एवढीच लिहा आणि विचारा. अनेक शीटच्या ड्रॉइंगमध्ये `SHEET 1 OF 2` असा रकाना असतो. काही कंपन्या प्रत्येक शीटला वेगळी रिव्हिजन देतात, म्हणून दुसरी शीट आल्याशिवाय वाचन पूर्ण झालं असं धरू नका.

स्केल

`1:2` म्हणजे कागदावरचा 1 मिमी प्रत्यक्षात 2 मिमी, म्हणजे चित्र निम्मं. `2:1` म्हणजे चित्र दुप्पट. `NTS` म्हणजे चित्र प्रमाणात नाही. `AS SHOWN` असेल तर स्केल प्रत्येक व्ह्यूखाली वेगळं दिलेलं आहे. डिटेल व्ह्यूला स्वतःचं स्केल असतं, ते रकान्यातल्या स्केलशी गल्लत करू नका.

फोटोवरून माप काढून जॉब करायचा नसतो, माप लिहिलेलंच घ्यायचं. मग स्केल नोंदवायचं कशाला? कारण लिहिलेलं माप शंकास्पद वाटलं तर ते ताडून पाहायला हाच एक दोरा असतो.

रकान्यातला आकडा पुसट असेल, `1:2` की `1:5` कळत नसेल, तर तो काढता येतो. फोटो पेंटसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि दोन अंतरं पिक्सेलमध्ये मोजा. आपल्या फोटोत कागदाची पूर्ण रुंदी 3360 पिक्सेल भरली. ए-3 ची रुंदी 420 मिमी, म्हणजे एका मिलिमीटरला 8 पिक्सेल. हाउसिंगच्या बेसची लांबी 240 लिहिलेली आहे आणि फोटोत ती 960 पिक्सेल भरते. 960 भागिले 8, म्हणजे कागदावर 120 मिमी. 240 चं 120 झालं, स्केल `1:2`. `1:5` असतं तर ती लांबी 48 मिमी म्हणजे 384 पिक्सेल भरली असती. फरक इतका मोठा आहे की फोटो थोडा तिरका असला तरी निर्णय बदलत नाही. फक्त दोन्ही अंतरं आडवीच घ्या आणि शक्यतो एकमेकांच्या जवळची घ्या, म्हणजे तिरकेपणाचा परिणाम दोन्हींवर सारखा होतो.

कागदाची साइज मात्र टायटल ब्लॉकमधल्या `SIZE` रकान्यातली घ्या, हातातल्या प्रिंटची नाही. ए-2 चं ड्रॉइंग ए-3 वर छापलेलं असणं रोजचंच आहे. ते चुकलं तर उत्तरातच कळतं. `1:2` च्या ए-2 ड्रॉइंगला तुम्ही ए-3 समजलात तर भागाकार 2 न येता 2.83 येतो. मानक स्केल 1:2, 1:5, 1:10, 1:20 अशी ठरलेली असतात, 2.83 त्यांत कुठेच नाही. एका साइजची चूक झाली की उत्तर 1.41 पटीने सरकतं. असं विचित्र उत्तर आलं की आधी `SIZE` चा रकाना पुन्हा बघा.

स्केलशेजारीच कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह असतं, फर्स्ट अँगल की थर्ड अँगल सांगणारं. मागितलेलं नसलं तरी तेही नोंदीत टाका, मशिनवरचा माणूस दुवा देईल.

टायटल

टायटल वाचायला सोपं असतं, म्हणून घाईत अर्धंच उतरवलं जातं. `BEARING HOUSING - LH` मधलं शेवटचं `LH` गळलं तर उजवा की डावा हेच कळणार नाही. टायटलला दोन-तीन ओळी असतील तर सगळ्या घ्या, शब्दांचा क्रम बदलू नका आणि `BRKT`, `ASSY`, `HSG` असे संक्षेप पूर्ण करत बसू नका. कंपनीचं नाव आणि प्रोजेक्टचं नाव म्हणजे टायटल नव्हे.

दुसरा पुरावा म्हणजे चित्र. टायटल असेंब्लीचं असेल तर बॅलून आणि पार्ट लिस्ट दिसली पाहिजे. हाउसिंगच्या शीटवर नोट्समध्ये `LH SHOWN, RH OPPOSITE` असं लिहिलं आहे आणि खाली `RH` साठी `48-1182-07` हा नंबर दिला आहे. म्हणजे एका शीटवर दोन पार्ट आहेत. कोटेशन कोणत्याचं मागितलंय हे ड्रॉइंग सांगत नाही.

नोंद आणि ग्राहकाला निरोप

रजिस्टरमध्ये इतकं जावं:

```
DRG NO : 48-1182-06
REV    : C
SHEET  : 1/1
SIZE   : A3
SCALE  : 1:2
TITLE  : BEARING HOUSING - LH
```

जे अक्षर पक्कं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका, `4?-1182-06` असं. अंदाजाने भरलेलं अक्षर नंतर कोणालाच ओळखू येत नाही, प्रश्नचिन्ह सगळ्यांना दिसतं. नोंदीसोबत फोटोच्या फाइलचं नाव आणि तो आल्याची तारीखही ठेवा.

एक काम मात्र फोटो कधीच करू शकत नाही. हातातली शीट कोणत्या रिव्हिजनची आहे हे तो सांगतो, सध्या चालू रिव्हिजन कोणती हे सांगत नाही. ते ग्राहकाच्या मेलमधून, पीओमधून किंवा त्याच्या ड्रॉइंग लिस्टमधून जुळवायचं असतं. आपल्या उदाहरणात चौकशीच्या मेलला जोडलेल्या यादीत `48-1182-06` समोर `D` लिहिलं आहे आणि फोटोतली शीट `C` आहे. वाचन बरोबर आहे, शीटच जुनी आहे. अशा वेळी निरोप मोघम नको, समोरच्याला एका फेरीत उत्तर देता येईल असा हवा:

"सर, 48-1182-06 चा फोटो मिळाला. त्यावर रिव्हिजन C आहे, शेवटचा बदल 62 H7. आपल्या यादीत D आहे. D ची शीट डॉक्युमेंट म्हणून पाठवाल का? आणि नग फक्त LH चे आहेत की RH म्हणजे 07 चेही, तेवढं कळवा. ते आलं की लगेच रेट देतो."

उत्तर येईपर्यंत नोंदीसमोर "होल्ड" लिहा आणि `C` ची प्रिंट शॉपवर जाऊ देऊ नका. `D` आल्यावर जुनी नोंद खोडू नका. तिच्यासमोर "D ने बदलली" असं लिहून खाली नवी ओळ घ्या आणि नव्या शीटचा नंबर, टायटल, स्केलही पुन्हा पहिल्यापासून वाचा, कारण रिव्हिजन बदलताना शीटची साइज आणि स्केलही कधीकधी बदलतात.